निरोपाच्या पार्टीचा खर्च: भागायचं कितीने आणि मागायचं कधी

मित्रमंडळातलं कुणीतरी गाव सोडून किंवा नोकरी बदलून निघालेलं असतं, सगळे मिळून पार्टी करायचं ठरवतात आणि आठवडाभराने एकाच माणसाच्या खिशाला चाट बसलेली असते. कुणी मुद्दाम बुडवलेलं नसतं. बहुतेक वेळा दोनच चुका झालेल्या असतात. एकूण खर्चाला भागताना चुकीचा आकडा घेतलेला असतो आणि पैसे खर्च झाल्यावर मागितलेले असतात. संकोच येतो तो या दुसऱ्या चुकीमुळे. पार्टीच्या आधी मागितलेली रक्कम ही वर्गणी असते, नंतर मागितली की तीच उधारी होते. वर्गणी मागायला कुणाला लाज वाटत नाही, उधारी मागायला जवळजवळ सगळ्यांनाच वाटते.

खाली एकच उदाहरण शेवटपर्यंत नेलं आहे. त्यातले आकडे फक्त हिशेब कळावा म्हणून घेतलेत, तुमचे वेगळे असतील.

बारा जणांचं मित्रमंडळ आहे. त्यातली मीनल निघाली आहे, म्हणजे उरले अकरा. गिरीश पैसे गोळा करणार आहे आणि शर्वरी जागा, जेवण, सजावट बघणार आहे. पार्टी शनिवारी संध्याकाळी.

आधी भाजक ठरवा

अकरांपैकी दहा जण येणार म्हणाले. अकरावा परगावी असल्यामुळे येणार नाही, पण भेटवस्तूत त्याला भाग घ्यायचा आहे. येणाऱ्यांपैकी सायली आपल्या नवऱ्याला आणणार आहे. म्हणजे ताटं झाली बारा: मीनलचं एक, मित्रांची दहा, सायलीच्या नवऱ्याचं एक. ताट ६०० रुपये धरलं तर जेवणाचे ७,२००. खोलीचं भाडं ४,०००, सजावट आणि किरकोळ सामान १,४००. एकूण १२,६०० रुपये.

इथे हात आपोआप भागाकाराकडे वळतो. बारा माणसं, १२,६०० रुपये, माणशी १,०५०. आकडा छान सुटसुटीत आल्यामुळे कुणी पुन्हा तपासत नाही. पण मीनल पैसे देणार नाही, ती पाहुणी आहे. बाकीच्या अकरा जेवणाऱ्यांकडून १,०५० गोळा केले तर जमतात ११,५५०. बरोबर एका माणसाचा वाटा, म्हणजे १,०५० रुपये कमी पडतात आणि ते गिरीशच्या खिशातून जातात. निरोपाच्या पार्टीतलं सगळ्यात जास्त वेळा पडणारं भोक हेच. जेवणारे आणि पैसे देणारे हे दोन वेगळे आकडे आहेत आणि ते कागदावर वेगळेच लिहायला हवेत.

मग अकराने भागायचं का? १२,६०० भागिले ११ म्हणजे साधारण १,१४५. रक्कम पुरती जमते, पण वाटणी नीट होत नाही. सायलीचा नवरा या पार्टीचा यजमान नाही. मीनल त्याची मैत्रीण नाही, पार्टी करायचं त्याने ठरवलेलं नाही. तो सायलीसोबत आलेला आहे. खोलीच्या भाड्यात आणि मीनलच्या जेवणात त्याचा वाटा धरला तर सायलीला जोडीने येण्याचा दंड बसल्यासारखं होतं. उलट त्याचं काहीच धरलं नाही, तर एकट्याने येणारे त्याच्या ताटाचे पैसे भरतात. म्हणून खर्चाचे दोन ढीग करायचे.

पहिला ढीग सामाईक. माणसं कमीजास्त झाली तरी जो बदलत नाही असा खर्च, आणि त्यात पाहुण्याचं ताट: ४,००० + १,४०० + ६०० = ६,००० रुपये. हा फक्त यजमानांमध्ये वाटायचा. यजमान दहा, म्हणून प्रत्येकी ६००.

दुसरा ढीग ज्याच्या त्याच्या ताटाचा. प्रत्येकी ६००, आणि सोबत कुणाला आणलं तर त्याच्या ताटाचे ६०० आणणाऱ्याकडून.

म्हणजे प्रत्येक मित्राचा वाटा १,२०० आणि सायलीचा १,८००. पडताळा घ्या: नऊ जणांचे १०,८०० आणि सायलीचे १,८००, मिळून १२,६००. हा पडताळा घेतल्याशिवाय कुणालाही आकडा सांगू नये. एकदा तोंडातून गेलेला आकडा वाढवणं फार अवघड असतं.

निघणाऱ्या व्यक्तीचा जोडीदार किंवा मुलं येणार असतील तर तीही पाहुणीच. त्यांची ताटं सामाईक ढिगात जातात. मित्रांच्या लहान मुलांसाठी अर्धं ताट धरायचं की नाही, हे जेवण देणारा त्यांचे किती पैसे लावतो यावरून ठरवा, अंदाजाने नको. दोन जण एकदमच निघाले असतील तर दोघेही पाहुणे. 'तू तिचे दे, ती तुझे देईल' असा हिशेब कुणी सुचवतंच, पण त्यात दोघांनाही स्वतःच्याच निरोपाचे पैसे भरावे लागतात.

किती झेपेल, हे आधी विचारा

मेजवानीचा आराखडा आधी आणि रक्कम मागाहून, असा क्रम ठेवला की ज्याला परवडत नाही तो गप्प बसतो. गटात 'माणशी बाराशे चालतील ना?' असं विचारलं तर पहिले दोघे 'हो' म्हणतात आणि त्यानंतर 'नाही' म्हणायला धाडस लागतं. म्हणून हा प्रश्न गटात विचारायचा नाही. प्रत्येकाला वेगळा मेसेज करायचा आणि तीन आकडे द्यायचे: ८००, १,२०० किंवा १,६००, यातला कोणता सहज जमेल?

उत्तरं आली की सरासरी काढू नका. सरासरीवर बेत ठरवला तर साधारण निम्म्या लोकांवर ताण येतो. खालच्या टोकाकडून बघायला सुरुवात करा. दहापैकी चौघे ८०० म्हणत असतील तर बेत ८०० चाच, खोली लहान घ्या किंवा कुणाच्या घरी जमा. एकच जण ८०० म्हणत असेल आणि बाकीचे १,२०० च्या वर असतील, तर बेत १,२०० चा ठेवून त्या एकाचा फरक गुपचूप भरून काढता येतो. ४०० रुपयांसाठी ज्या दोघांनी १,६०० सांगितलंय त्यांना खासगीत विचारा, ते सहसा लगेच तयार होतात. हे गोळा करणाऱ्यापलीकडे आणि त्या दोघांपलीकडे कुणाला कळता कामा नये. कुणासाठी भरताय ते त्या दोघांनाही सांगायची गरज नाही. 'तो काम जास्त करेल, म्हणून पैसे कमी' अशी जाहीर तडजोडही टाळा. सगळे मजा करत असताना एकटाच खुर्च्या उचलताना दिसला की तडजोड कसली होती हे सगळ्यांना कळतं.

पगाराप्रमाणे वाटा ठरवायची कल्पनाही अधूनमधून निघते. मित्रांमध्ये ती चालत नाही, कारण त्यासाठी प्रत्येकाचा पगार कुणाला तरी माहीत असावा लागतो.

तारखा उलट्या मोजा

जेवण देणारा ताटांचा पक्का आकडा कधी मागतो, हे पहिल्या फोनवरच विचारून घ्या. सगळं वेळापत्रक त्या एका तारखेवर टांगलेलं असतं. आपल्या उदाहरणात पार्टी शनिवारी आहे आणि आकडा बुधवारी द्यायचा आहे. बुधवारनंतर ताट कमी होणार नाही, म्हणजे पैसे त्याच्या आधी हवेत. शेवटची मुदत म्हणून सोमवार रात्र धरा. मंगळवार उशीर करणाऱ्यांना फोन करायला राखून ठेवायचा. शनिवार-रविवार मध्ये यावा म्हणून रक्कम शुक्रवारी कळवायची. रक्कम ठरवण्यासाठी माणसं पक्की हवीत, म्हणून 'येणार की नाही' याचं उत्तर आदल्या गुरुवारपर्यंत. आणि पहिला मेसेज त्याच्याही आधीच्या रविवारी. एकूण तेरा दिवस झाले. सगळ्यांचे पगार महिन्याच्या सुरुवातीला होत असतील तर पैशांची मुदत महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात येऊ देऊ नका. तेव्हा उशीर होतो आणि त्याचा राग मात्र माणसावर निघतो.

मीनल नसलेला वेगळा गट याच वेळी करायचा. जुन्याच गटात बोललं की कुणीतरी चुकून रक्कम तिथे टाकतं, आणि मग 'अगं, माझे मी देते' हा संवाद पुढे आठवडाभर चालतो.

पहिला मेसेज साधारण असा:

"मीनलच्या निरोपाची पार्टी पुढच्या नाही, त्याच्या पुढच्या शनिवारी संध्याकाळी ७ वाजता करतोय. माणशी साधारण १,२०० ते १,३०० येतील, मीनलचा खर्च आपण सगळे मिळून करू. येणार असाल तर गुरुवारपर्यंत मला वेगळा मेसेज करा. सोबत कुणी येणार असेल तर तेही सांगा, त्यांच्या ताटाचे ६०० वेगळे. गुरुवारपर्यंत काही कळवलं नाही तर येत नाही असं धरतो."

यातलं शेवटचं वाक्य गाळू नका. 'बघतो', 'जमवतो', 'नव्वद टक्के' ही उत्तरं भागाकारात घालता येत नाहीत. आधीच नियम सांगितलेला असला की तोच नियम लावताना माणूस कठोर वाटत नाही.

तारखेचाही घोळ होतो. 'पुढचा शनिवार' म्हणजे कोणता, यावर लोक हमखास भांडतात, तेव्हा प्रत्यक्ष मेसेजमध्ये दिनांक घाला.

थोडे जास्त घ्या, उघडपणे घ्या

शुक्रवारी रक्कम कळवताना १,२०० नाही, १,३०० मागा. दहा जणांचे शंभर-शंभर जास्तीचे म्हणजे १,००० रुपये हाताशी राहतात, एकूण खर्चाच्या साधारण आठ टक्के. वाहतूक, तुटलेलं काही, ऐन वेळी आणलेलं सामान, खोली अर्धा तास जास्त वापरल्याचे पैसे, असलं काही ना काही निघतंच. नंतर प्रत्येकाकडे ३५ रुपये मागत फिरणं हे १,३०० मागण्यापेक्षा कितीतरी अवघड आहे. लहान रक्कम मागणारा चिकट दिसतो आणि न मागणारा गोळा झालेल्या दहा लहान रकमा स्वतः सोसतो. उलट पैसे परत करताना कुणालाच संकोच वाटत नाही.

अट एकच, जास्तीचे का घेतोय ते त्याच मेसेजमध्ये लिहायचं:

"माणशी १,२०० येतात. जेवण ६००, खोली-सजावट आणि मीनलचं जेवण मिळून ६००. वरचे १०० ऐन वेळच्या खर्चासाठी, उरतील ते पार्टीनंतरच्या मंगळवारपर्यंत परत. म्हणून १,३०० पाठवा, सोमवार रात्री ९ पर्यंत. बुधवारी ताटांचा आकडा द्यायचा आहे. पाठवताना 'निरोप' आणि तुमचं नाव लिहा. माझे आणि शर्वरीचे जमा धरलेत."

'निरोप' आणि नाव लिहायला सांगायचं कारण म्हणजे पैसे कधी वडिलांच्या, कधी बायकोच्या खात्यावरून येतात आणि गिरीशच्या मोबाइलवर एक अनोळखी नाव दिसतं. आपले पैसे आधी भरून ते सांगणंही महत्त्वाचं. गोळा करणाऱ्याने स्वतःच भरलेले नाहीत असा संशय आला की बाकीचे हात आखडतात. सायलीला मात्र तिची रक्कम वेगळी कळवा, १,९००. नवऱ्याच्या ताटावर जास्तीचे शंभर लावलेले नाहीत, कारण ऐन वेळचा खर्च हा यजमानांचाच.

खोली धरून ठेवायला आगाऊ रक्कम मागितली जाते. शक्यतो सोमवारपर्यंत ती थांबवून घ्या. नाहीच थांबली तर गुरुवारच्या होकारांनंतर गिरीश आणि शर्वरीने निम्मी निम्मी भरावी आणि पहिल्या जमेतून ती लगेच काढून घ्यावी. नुसत्या उत्साहावर, कुणाचाही होकार नसताना आगाऊ भरलेले पैसे हे भरणाऱ्याचेच समजावेत.

वही

गोळा करणारा एक आणि खर्च करणारा दुसरा असला की दोघांचाही हिशेब आपोआप तपासला जातो. शर्वरी प्रत्येक बिलाचा फोटो गिरीशला पाठवते, गिरीश तेवढेच पैसे तिला त्याच दिवशी देतो. 'शेवटी एकदम बघू' म्हटलं की तीन जणांनी खिशातून काय काय आणलं ते पार्टीनंतर कुणालाच आठवत नाही.

वहीला पाच रकाने पुरतात: नाव, ठरलेली रक्कम, आलेली रक्कम, तारीख, कसे आले. रोख घेतली तर देणाऱ्यासमोरच त्याला 'तुझे १,३०० मिळाले' असा मेसेज टाका. रोखीचाच घोळ सगळ्यात जास्त होतो, कारण देणाऱ्याला पक्कं आठवतं आणि घेणारा त्या दिवशी चार जणांशी बोललेला असतो.

ही यादी गटात टाकू नका. 'ज्यांचे आलेत त्यांची नावं' टाकली तरी न आलेल्यांची नावं सगळे मनातल्या मनात वाचतातच. शनिवारी रात्री एवढंच लिहा: 'दहापैकी सहा जणांचे आले, सोमवारपर्यंत मुदत आहे.' ज्याचे राहिलेत त्याला कळतं, इतरांना कळत नाही.

आठवण

पैसे न येण्याची कारणं वेगवेगळी असतात आणि सगळ्यांना एकच मेसेज पाठवून चालत नाही. बरेच जण नुसते विसरलेले असतात. काहींना रक्कम किंवा खातं सापडत नसतं, कारण मूळ मेसेज गटातल्या गप्पांत चाळीस मेसेज वर गेलेला असतो. एखाद्याला रक्कम पटलेली नसते. आणि एखाद्याकडे खरंच पैसे नसतात.

पहिल्या दोघांसाठी रविवारी संध्याकाळी खासगी आठवण पुरते. तिच्यात सगळी माहिती पुन्हा द्या म्हणजे त्याला शोधावं लागणार नाही: "निरोपाचे १,३०० उद्या रात्रीपर्यंत याच नंबरवर पाठव रे, बुधवारी ताटं सांगायची आहेत." बस्स. 'सॉरी त्रास देतोय', 'गैरसमज करून घेऊ नकोस', 'तुला तर माहीतच आहे' असलं काही लिहू नका. माफी मागितली की समोरच्यालाही यात काहीतरी अवघड आहे असं वाटायला लागतं. हसरे चेहरे एखाददुसरा चालतो, पाच टाकले तर चिडचिड लपवल्यासारखी दिसते.

मंगळवारी ज्याचे आलेले नाहीत त्याला फोन करायचा, मेसेज नाही. तिसरा मेसेज तगादा होतो. फोनवर मात्र खरं कारण कळतं. आणि फोनवर त्याच्यासाठी वाट मोकळी ठेवायची: "उद्या ताटं सांगतोय. तुझं धरू की नको? नसेल जमत तर आत्ता सांगितलंस तरी काही अडत नाही." ज्याला रक्कम पटलेली नाही तो इथे बोलतो. ज्याच्याकडे नाहीत तो थोडा थांबतो, त्या थांबण्यावरून ओळखा आणि 'ये तू, नंतर बघू' म्हणून ताट धरा. यातली बरीचशी रक्कम ऐन वेळच्या पैशांतून भरून निघते. ज्याने फोनही उचलला नाही त्याचं ताट धरायचं नाही, आणि धरलेलं नाही हे त्याला मेसेजने कळवायचं. तो शनिवारी आलाच तर आपल्या ताटाची सोय त्याने करायची.

कुणी गळालं तर

माणूस बुधवारच्या आधी गळाला की ताटाचे ६०० वाचतात, पण त्याचा सामाईक वाटा उरलेल्यांवर पडतो. दहाचे आठ झाले तर ६,००० भागिले ८ म्हणजे ७५०, प्रत्येकाला १५० रुपये जास्त. म्हणून नियम असा ठेवा की सोमवारनंतर नाही म्हटलं तर ताटाचे पैसे परत मिळतील, सामाईक वाट्याचे नाही. बुधवारनंतर कशाचेच नाही. हा नियम शुक्रवारच्या मेसेजमध्येच एका ओळीत घाला. आपल्या उदाहरणात एक जण शनिवारी सकाळी तापाने आडवा झाला, त्याचं ताट सांगून झालेलं होतं. पैसे परत नाहीत, आणि नियम आधी सांगितलेला असल्यामुळे कुणाला बोलावंही लागलं नाही. त्याच्या वाटचं जेवण शक्य असेल तर कुणी घरी पोचवावं, ते त्याचंच आहे.

न सांगता कुणाला सोबत आणणारा एक तरी निघतो. दारात हिशेब काढू नका. दुसऱ्या दिवशी आणणाऱ्याला सांगा, 'एक ताट वाढलं, ६००.'

मद्य, आणि जास्तीचं बिल

सगळे पीत नाहीत अशा पार्टीत मद्य सामाईक ढिगात घातलं की न पिणारे पुढच्या वेळी येत नाहीत, तोंडाने मात्र काही बोलत नाहीत. पैसे गोळा करताना याचा विचार करून उपयोग नाही, कारण कोण किती घेणार हे आधी कळत नाही. उपाय म्हणजे पहिली मागणी द्यायच्या आधी वाढणाऱ्याला सांगून दोन बिलं उघडायची. शेवटी एका बिलातून ओळी वेगळ्या काढत बसलं की चुका होतात आणि वरचा कर किंवा सेवाशुल्क कुणाच्या वाट्याला किती, यावर गोंधळ उडतो. बिलं वेगळी असली की ज्याचं शुल्क त्याच्यापाशी राहतं. समजा मद्याचे ३,००० झाले, वर शुल्क ४५०, घेणारे सहा. प्रत्येकी ५७५, आणि हे तिथेच, टेबलावरून उठायच्या आत. ग्लासागणिक मोजायला जाऊ नका. एकाने एकच घेतला आणि दुसऱ्याने पाच, इतका फरक असेल तर पाचवाल्याने आपणहून जास्त टाकावेत, आणि नाही टाकले तर शेजारच्याने सांगावं.

मीनलने घेतलं तर तिचा वाटा त्या सहा जणांतच वाटून जातो, सहा हा आकडा तिला सोडून आहे. ती पाकीट काढेल. तेव्हा चार हात एकदम पुढे जाऊन झटापट होते, त्यापेक्षा दोन्ही बिलं गिरीशच्या हातात द्यायला वाढणाऱ्याला आधीच सांगून ठेवा.

भेटवस्तू वेगळीच ठेवा

जेवणाचा वाटा ठरलेला असतो, भेटीचा ऐच्छिक असतो. दोन्ही एका रकमेत घातले की ऐच्छिक गोष्ट सक्तीची होते आणि परगावच्या अकराव्याला काय द्यायचं तेच कळत नाही.

भेटीचे पैसे दुसऱ्या कुणाकडे तरी जाऊ द्या, गिरीशकडे नको. त्याच्याकडे गेले तर १,५०० आले की त्यातले किती कशाचे, हे त्याला विचारावं लागतं. कुणी किती दिले ते त्या एकालाच माहीत असेल आणि शुभेच्छापत्रावर सगळ्यांची नावं असतील, न देणाऱ्याचंही. लोक विचारतातच, 'बाकीचे किती देतायत?' त्यावर 'कितीही' हे उत्तर मदत करत नाही, समोरचा अधिकच अडकतो. 'बरेच जण २०० ते ५०० च्या दरम्यान देतायत, कमी दिले तरी चालेल' असं खरं असेल ते सांगा.

आणि वस्तू पैसे जमल्यावर निवडा. आधी ५,००० ची वस्तू ठरवून मग वर्गणी काढली की ३,७०० वर अडकलेल्या यादीकडे बघून पुन्हा सगळ्यांना मेसेज करावा लागतो. ३,७०० जमले तर ३,७०० च्या आतली वस्तू, आणि पॅकिंगही त्यातच.

हिशेब मिटवणं

पार्टीनंतर दोन दिवसांच्या आत, गोष्ट ताजी असताना, हिशेब गटात टाका. आपल्या उदाहरणात जमा अशी: नऊ जणांचे १,३०० प्रमाणे ११,७०० आणि सायलीचे १,९००, एकूण १३,६००. खर्च ठरलेला १२,६०० आणि वाहतुकीचे ऐन वेळी ३५०, एकूण १२,९५०. शिल्लक ६५०. दहा यजमानांना प्रत्येकी ६५ परत, आजारी पडलेल्यालाही.

पासष्ट रुपये परत करणं हास्यास्पद वाटेल, पण ते करा. 'राहू दे तुझ्याकडे' असं लोकांनी म्हणायचं असतं, गोळा करणाऱ्याने गृहीत धरायचं नसतं. 'पुढच्या वेळेला वापरू' म्हणून ठेवलेली शिल्लक कुणाच्या घरखर्चात मिसळते आणि पुढच्या वेळी माणसंही तीच नसतात.

वही नीट ठेवलेली नसेल आणि चार-पाच जणांनी खिशातून खर्च केला असेल, तर कोण कुणाला देणं लागतं याची जाळी सोडवत बसू नका. प्रत्येकाच्या नावापुढे त्याने भरलेली रक्कम लिहा, त्यातून त्याचा वाटा वजा करा. उत्तर अधिक आलं तर त्याला येणं, उणे आलं तर देणं. सगळ्या उत्तरांची बेरीज शून्य यायला हवी, नाही आली तर एखादं बिल राहिलंय. मग सगळ्या उणे असलेल्यांनी एकाच माणसाला पैसे पाठवायचे आणि त्याने येणं असलेल्यांना वाटायचे. बारा जणांत जास्तीत जास्त अकरा वेळा पैसे हलतात, नाहीतर तिघांना तिघे आणि परत उलटे असं होत राहतं.

यानंतरही एखाद्याकडे बाकी राहिलीच, तर हिशेबाच्या मेसेजनंतर तीन दिवसांनी एकदा आणि आठवड्याने एकदा, आकड्यासह, खासगीत विचारा. त्यापुढे विचारू नका. रक्कम ऐन वेळच्या पैशांतून भरून निघाली असेल तर वहीत तशी नोंद करा आणि मिटवा. निघाली नसेल तर ती एकट्या गिरीशने सोसायची नाही. 'एकाचे ६०० आले नाहीत, सगळ्यांच्या परताव्यातून ६०-६० वजा केले' असं, नाव न घेता, हिशेबात लिहायचं. ज्याचे राहिलेत तो हेही वाचतो, आणि बऱ्याचदा त्याच रात्री पैसे येतात.